इंटिरिअर डिझायनरची प्रोफाइल कशी असावी, कशी वाचावी

घराची अंतर्गत सजावट करून देणारे डिझायनर आणि घरमालक यांची गाठ घालून देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांत प्रत्येक डिझायनरचे एक पान असते. त्याला प्रोफाइल म्हणतात. घरमालक तिथे शहर, घराचा आकार आणि खर्चाची मर्यादा भरतो, मग त्याच्यासमोर नावांची यादी येते. पुण्यात नुकताच टू बीएचके फ्लॅटचा ताबा मिळालेल्या कुटुंबाला ती यादी बरीच लांब दिसते आणि त्यातल्या बहुतेक पानांवर मजकूर जवळपास सारखाच असतो: ‘सर्व प्रकारची कामे, आधुनिक डिझाइन, परवडणारे दर.’ या वाक्यातून कोणाला फोन करावा हे कळत नाही आणि कोणाला करू नये हेही कळत नाही.

उपयोगी प्रोफाइल तीन प्रश्नांची सरळ उत्तरे देते. हा डिझायनर कोणती कामे घेतो, ती कशा पद्धतीने करतो आणि साधारण किती खर्चाची कामे घेतो? ही तीन उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत. पद्धत बदलली की खर्चाच्या आकड्याचा अर्थ बदलतो आणि कामाचा प्रकार बदलला की पद्धत बदलते. त्यामुळे एकच उत्तर सुटे वाचून काही हाती लागत नाही.

भारतात ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावण्यासाठी १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे नोंदणी असावी लागते. ‘इंटिरिअर डिझायनर’ म्हणवून घेण्यासाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. पदविका घेतलेला डिझायनर, आर्किटेक्ट आणि अनुभवातून पुढे आलेला ठेकेदार हे तिघेही त्याच यादीत त्याच नावाखाली दिसू शकतात. म्हणूनच प्रोफाइलवरच्या तपशिलाला महत्त्व येते.

कामाचा प्रकार

‘निवासी आणि व्यावसायिक’ एवढे लिहून भागत नाही. नव्या, रिकाम्या फ्लॅटचे काम आणि पंचवीस वर्षे जुन्या, माणसे राहत असलेल्या घराचे नूतनीकरण ही दोन वेगळी कामे आहेत. नव्या फ्लॅटमध्ये मुख्यतः सुतारकाम, फॉल्स सीलिंग, विजेचे वाढीव पॉइंट आणि रंगकाम असते. जुन्या घरात तोडफोड, नळजोडणी, ओल, वॉटरप्रूफिंग, राडारोडा हलवणे आणि सोसायटीची परवानगी हे सगळे त्यात येते. फक्त नवे फ्लॅट केलेल्या डिझायनरला जुन्या भिंतीच्या आत काय निघेल याचा अंदाज बांधणे जड जाते. तसेच घरे करणारा प्रत्येक जण दवाखाना किंवा छोटे कार्यालय नीट करू शकेल असेही नाही.

चांगल्या प्रोफाइलवर म्हणून असे वाचायला मिळते: ‘वन ते थ्री बीएचकेचे नवे फ्लॅट, पूर्ण घर. जुन्या घरात फक्त स्वयंपाकघर आणि बाथरूम. दुकाने व कार्यालये घेत नाही. क्षेत्र: पुणे आणि पिंपरी-चिंचवड.’ काय घेत नाही हे लिहिणारा डिझायनर थोडी कामे सोडतो, पण चुकीच्या चौकशा टाळतो. अनेक बाजारपेठा प्रत्येक चौकशीमागे डिझायनरकडून पैसे घेतात आणि तीच चौकशी आणखी काही जणांनाही देतात. अशा ठिकाणी न जमणारी चौकशी म्हणजे त्याचा थेट तोटा असतो.

कामाचा प्रकार खरा आहे का हे छायाचित्रांवरून पडताळता येते. बऱ्याच प्रोफाइलवर झालेल्या कामाचे फोटो आणि संगणकावर केलेली थ्रीडी चित्रे मिसळलेली असतात. थ्रीडी चित्रात बहुधा स्विचबोर्ड दिसत नाहीत, एसीचा पाइप दिसत नाही, खिडकीला ग्रिल नसते आणि बाहेर शेजारची इमारत नसून आकाश असते. खऱ्या फोटोत या गोष्टी डोकावतातच. थ्रीडी चित्र दाखवणे गैर नाही, पण त्याखाली तसे लिहिलेले असावे. खऱ्या कामाच्या फोटोखाली घराचा कार्पेट एरिया, कामाचे वर्ष आणि त्यात नेमके काय केले याची एक ओळ असली की तो फोटो पुरावा ठरतो.

कामाची पद्धत

घरगुती कामांत साधारण तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत डिझायनर फक्त आराखडे आणि मालाची निवड देतो. सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगारी घरमालक स्वतः शोधतो. दुसरीत डिझायनर आराखडे देतो आणि साइटवर देखरेखही करतो, पण पैसे घरमालक त्या त्या ठेकेदाराला देतो. तिसरी पद्धत टर्नकी. यात माल, मजुरी, देखरेख सगळे डिझायनरच्या जबाबदारीवर असते आणि शेवटी तो राहण्याजोगे घर ताब्यात देतो.

फरक जबाबदारीचा आहे. वॉर्डरोबचे दार सहा महिन्यांत खाली आले तर टर्नकी कामात डिझायनरला बोलावता येते. फक्त आराखडे घेतले असतील तर सुताराशी बोलावे लागते. देखरेखीच्या पद्धतीत डिझायनर साइटवर किती वेळा येणार हा कळीचा प्रश्न असतो. ‘आठवड्यातून दोन फेऱ्या, सुतारकाम सुरू असताना तीन’ असे लिहिले असेल तर पुढे वाद कमी होतात. ‘नियमित देखरेख’ या शब्दांचा प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो.

याच भागात मुदतही येते. ‘४५ दिवसांत घर तयार’ हे वाक्य आकर्षक असते, पण ४५ दिवस कधीपासून मोजायचे? सहसा ते आराखडा, लॅमिनेटचे रंग आणि हार्डवेअर पक्के झाल्यानंतर मोजतात, आगाऊ रक्कम दिल्याच्या दिवसापासून नाही. मोजमाप, मांडणीचा आराखडा, थ्रीडी चित्रे, त्यातले बदल आणि अंदाजपत्रक यांत आधीचे काही आठवडे जातात. त्यातच अनेक सोसायट्या ठोकाठोकीच्या कामाला दुपारी आणि रविवारी बंदी घालतात. प्रोफाइलवर मुदतीची सुरुवात कुठून धरली आहे हे लिहिलेले असावे. आराखड्यात किती वेळा बदल मोफत करून मिळतील हेही तिथेच सांगितलेले बरे.

खर्चाची मर्यादा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. ‘टू बीएचके सहा लाखांपासून’ ही ओळ घेऊ. ६५० चौरस फूट कार्पेट एरियाचा नवा फ्लॅट आहे आणि काम टर्नकी आहे असे समजू. खालील दर हिशेब दाखवण्यापुरते धरलेले आहेत.

ट्रॉल्या आणि वरच्या कपाटांसह स्वयंपाकघराला २ लाख रुपये धरू. वॉर्डरोबचा हिशेब दर्शनी भागाच्या चौरस फुटावर होतो. सहा फूट रुंद आणि सात फूट उंच असे दोन वॉर्डरोब म्हणजे ८४ चौरस फूट. दर १,५०० रुपये धरला तर १,२६,००० रुपये झाले. टीव्ही युनिट ४५,००० आणि खाली साठवणीची सोय असलेले दोन पलंग ९०,००० रुपये. हॉलचे फॉल्स सीलिंग २०,०००, विजेचे काम ४०,००० आणि रंग ७५,००० रुपये. बेरीज ५,९६,००० रुपये येते, म्हणजे जाहिरातीतले ‘सहा लाख’ खरेच आहेत.

पण त्यावर डिझाइन फी दहा टक्के वेगळी असेल तर ५९,६०० रुपये वाढतात आणि आकडा ६,५५,६०० होतो. डिझायनर जीएसटी नोंदणीकृत असेल आणि पूर्ण बिल त्याच्याकडून येत असेल तर १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे १,१८,००० रुपये आणखी लागतात. एकूण रक्कम ७ लाख ७३ हजारांच्या पुढे जाते. गाद्या, पडदे, दिवे, पंखे, चिमणी, सोफा आणि वॉर्डरोबवरचा लॉफ्ट अजून धरलेलाच नाही. सात लाख बाजूला ठेवलेल्या कुटुंबाची इथे ओढाताण होते. डिझायनर खोटे बोललेला नसतो. त्या आकड्यात काय आहे आणि काय नाही, एवढे त्याने लिहिलेले नसते.

स्पष्ट प्रोफाइलवर हीच माहिती अशी असेल: ‘६०० ते ७०० चौरस फूट कार्पेटच्या नव्या टू बीएचकेसाठी ६ ते ९ लाख रुपये. यात सुतारकाम, फॉल्स सीलिंग, विजेचे काम आणि रंग येतात. डिझाइन फी १० टक्के आणि जीएसटी वेगळे. सुटे फर्निचर, पडदे, उपकरणे आणि तोडफोड धरलेली नाही.’ आकडा कार्पेट एरियावर आहे की बिल्टअपवर, हे सांगणेही आवश्यक आहे. रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात, पण बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. जुन्या करारातले बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप आकडे बरेच मोठे असतात. त्यामुळे प्रति चौरस फूट दर स्वस्त भासतो.

सहा लाख आणि नऊ लाख यांतली तफावत बहुतांशी मालामुळे येते. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, बीडब्ल्यूआर प्लायवुड आणि पाणी जास्त सोसणारे बीडब्ल्यूपी प्लायवुड यांच्या किमतींत मोठा फरक असतो. लॅमिनेटऐवजी ॲक्रिलिक किंवा पीयू रंग घेतला, साध्या बिजागरींऐवजी सॉफ्ट क्लोज घेतल्या की खर्च चढतो. खालच्या आकड्यात कोणता माल बसतो ही एक ओळ लिहिणारा डिझायनर निम्म्या शंका आधीच मिटवतो. दर कोणत्या वर्षाचे आहेत हेही लिहावे, कारण प्लायवुड आणि मजुरी यांचे भाव स्थिर राहत नाहीत.

खर्चाची मर्यादा फार रुंद असली की ती निरुपयोगी होते. ‘दोन लाखांपासून दोन कोटींपर्यंत’ असे लिहिणारा काहीच सांगत नाही. शिवाय छायाचित्रे इटालियन मार्बलच्या बंगल्याची आणि मर्यादा पाच लाखांची, असे असेल तर दोहोंपैकी एक गोष्ट त्या डिझायनरच्या रोजच्या कामाची नाही असे समजावे.

प्रोफाइलची मर्यादा

प्रोफाइल म्हणजे करार नव्हे. त्यावरचा आकडा अंदाज असतो आणि घराचे मोजमाप झाल्यावर तो बदलतो. प्रत्यक्ष व्यवहार बाबवार अंदाजपत्रकावर आणि लेखी करारावर चालतो. अंदाजपत्रकात प्रत्येक वस्तूचे माप, मालाचा ब्रँड व प्रत आणि दर असावेत. करारात पैशांचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले असावेत आणि काही रक्कम शेवटची त्रुटींची यादी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेली असावी.

घरमालकाने पहिल्या फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या घरासारखे अलीकडे केलेले एक काम प्रत्यक्ष बघायला मिळेल का, साइटवर कोण आणि किती वेळा येईल आणि सांगितलेल्या आकड्यात कर व फी धरून काय काय येते. उत्तरे प्रोफाइलवरच्या मजकुराशी जुळली तरच मोजमापासाठी बोलवावे. जुळली नाहीत तर आगाऊ रक्कम देण्याची घाई करू नये.