कौन्सिलच्या नोटिशीला उत्तर देताना आधी तारखा, मग म्हणणे

रुग्णाने तक्रार केली की महाराष्ट्र वैद्यक परिषद ती डॉक्टरकडे पाठवून लेखी खुलासा मागते. बरेच खुलासे पहिल्याच परिच्छेदात घसरतात. वीस वर्षांची सेवा, गरिबांवर केलेले मोफत उपचार, तक्रारदाराचा हेतू. परिषदेला पाहायचे असते ते एवढेच की त्या त्या दिवशी, समोर जे दिसत होते त्यावरून, डॉक्टरने योग्य काळजी घेतली का. म्हणून उत्तर तारखेवार हवे.

एक उदाहरण घेऊ. समजा तक्रार अशी आहे : "डेंग्यू असताना तीन दिवस नुसत्या तापाच्या गोळ्या दिल्या, धोका सांगितला नाही." आता केसपेपर आणि रिपोर्ट समोर ठेवून लिहायचे. 12 तारखेला रुग्ण प्रथम आला. दोन दिवसांचा ताप, रक्तदाब व नाडी अमुक, पॅरासिटामॉल दिले, रक्ततपासणी सांगितली. 13 तारखेला रुग्ण आला नाही. 14 तारखेला सकाळी 11 वाजता रिपोर्ट घेऊन आला. प्लेटलेट 82 हजार, ताप उतरलेला, पण पोटात दुखणे आणि सतत उलट्या. त्याच वेळी भरती होण्यास सांगून चिठ्ठी दिली.

ताप उतरतानाच डेंग्यूचा धोका वाढू शकतो, हे इथे एका वाक्यात सांगावे. त्यामुळे 12 तारखेला घरी पाठवणे आणि 14 तारखेला भरतीला सांगणे, या दोन्ही निर्णयांमागची कारणे वाचणाऱ्याला कळतात. 13 तारखेची रिकामी ओळही गाळू नये. "तीन दिवस" या आरोपाचे खरे उत्तर तिथेच आहे.

प्रत्येक वाक्य कुठल्या कागदावरून आले, ते तिथेच लिहावे आणि त्या कागदाची प्रत जोडावी. अडचण येते ती कागदावर नसलेल्या गोष्टींची. समजा पहिल्या दिवशी "पोट दुखले, उलट्या झाल्या तर लगेच या" असे तोंडी सांगितले होते, पण नोंद नाही. मग तसेच लिहावे : "हे मी तोंडी सांगितले; केसपेपरवर नोंद नाही." हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. पण त्यामुळेच बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

नंतर केसपेपरवर ती ओळ घुसडणे मात्र आत्मघात आहे. 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने कागदपत्रे मागितली की 72 तासांत द्यावी लागतात. म्हणजे जुनी प्रत बहुधा तक्रारदाराकडे असते, नाहीतर फोनमध्ये फोटो असतो. लॅबच्या रिपोर्टवर वेळ छापलेली असते. दोन कागद शेजारी ठेवले की जास्तीची ओळ लगेच दिसते, आणि मग उपचाराचा प्रश्न बाजूला पडून खोट्या नोंदीचाच उरतो.

वकिलाला किंवा विमा कंपनीला मसुदा जरूर दाखवावा, आणि तोही नोटिशीतली मुदत संपण्याआधी. कागद जमवायला वेळ लागणार असेल तर मुदतवाढ लेखी मागावी.