गाळणीतून जाणारी विषयओळ

पूर्वीची कोणतीही ओळख नसलेल्या व्यक्तीला व्यवसायाच्या निमित्ताने पाठवलेल्या पहिल्या मेलला ‘कोल्ड ईमेल’ म्हणतात. पुणे–अहिल्यानगर महामार्गालगतच्या शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि सणसवाडी येथील कारखान्यांभोवती सुटे भाग, पॅकिंग आणि जॉबवर्क करणारे असंख्य लहान उद्योग आहेत, तर पुणे–सोलापूर महामार्गावरील दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे रांजणगावच्या एखाद्या लघुउद्योजकाला कुरकुंभच्या खरेदी विभागापर्यंत पोहोचायचे झाल्यास, फाटकावरील सुरक्षारक्षकाकडे व्हिजिटिंग कार्ड ठेवून येण्याबरोबरच असा मेल हाही एक मार्ग ठरतो. मेलमधील मजकूर कितीही चांगला असला, तरी खरेदी अधिकाऱ्याला प्रथम दिसते ती पाठवणाऱ्याचे नाव आणि विषयओळ. आणि तीही त्याच्या आधी एका यंत्राने वाचलेली असते.

हे यंत्र म्हणजे स्पॅम फिल्टर, अर्थात नको असलेले टपाल वेगळे काढणारी संगणकीय गाळणी. ती मेल कोणाकडून आला हे आधी तपासते आणि मग त्यात काय लिहिले आहे याकडे वळते. पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातील ‘@’ नंतरच्या नावाच्या वतीने मेल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, याची जाहीर नोंद म्हणजे एसपीएफ. मेलवरची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. आणि या दोन्ही कसोट्यांत मेल नापास झाल्यास त्याचे काय करावे, याविषयी डोमेनधारकाने दिलेली सूचना म्हणजे डीमार्क. या नोंदी केलेल्या नसतील, तर उत्तमोत्तम विषयओळही निरुपयोगी ठरू शकते; म्हणून विषयओळीवर खल करण्याआधी त्या पूर्ण करून घेणे हाच योग्य क्रम होय.

मजकुराची तपासणी कशी होते, हे कळण्यासाठी दोन जुन्या पण आजही उद्बोधक पद्धती पाहाव्या लागतात. ‘स्पॅमअसॅसिन’ या मुक्त स्रोत प्रणालीत प्रत्येक संशयास्पद लक्षणाला काही गुण ठरवून दिलेले असतात आणि त्यांची बेरीज मूळ मांडणीनुसार ५ झाली की मेल स्पॅम मानला जातो. संपूर्ण विषयओळ इंग्रजी मोठ्या अक्षरांत असणे हे अशांपैकी एक लक्षण आहे. दुसरी पद्धत संभाव्यतेची आहे. संगणकतज्ज्ञ पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये तिचा पुरस्कार केला आणि त्यानंतर ती सर्वदूर पोहोचली. तिच्यात एखादा शब्द स्पॅममध्ये किती वेळा आणि चांगल्या टपालात किती वेळा आढळतो हे मोजून त्यावरून मेल स्पॅम असण्याची शक्यता काढली जाते. ग्रॅहम यांनी २००३ मध्ये या पद्धतीत केलेली सुधारणा विषयओळीच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण त्यांनी एकच शब्द मजकुरात आला की विषयओळीत, आणि लहान अक्षरांत आला की मोठ्या, यांची मोजणी वेगवेगळी केली. त्यांच्या स्वतःच्या टपालात ‘फ्री’ हा इंग्रजी शब्द मजकुरात लहान अक्षरांत आल्यास स्पॅमची संभाव्यता ०.६५ इतकीच निघाली. तोच शब्द विषयओळीत आल्यावर ती ०.९८ झाली आणि विषयओळीत मोठ्या अक्षरांत आल्यावर ०.९९९९ झाली. शब्द एकच असूनही केवळ जागा आणि लिहिण्याची तऱ्हा बदलल्याने त्याचा अर्थ गाळणीच्या लेखी बदलतो.

ही गणना एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. रासायनिक कारखान्यांत ज्यांना आतून काचेचे अस्तर असते, असे ग्लास-लाइन्ड रिॲक्टर वापरले जातात आणि त्यांच्या जोडांवर पीटीएफई या न गंजणाऱ्या बहुवारिकाचे वेष्टण असलेले गॅस्केट बसवतात. रांजणगावचा एक उत्पादक असे गॅस्केट कुरकुंभला विकू पाहतो आणि त्याची पहिली विषयओळ ‘त्वरित!!! खास ऑफर, गॅस्केटवर मोठी सूट’ अशी आहे, असे समजू. गाळणीने आधी १००० स्पॅम आणि १००० चांगले मेल पाहिले असून, ‘ऑफर’ हा शब्द त्यांपैकी ६० स्पॅममध्ये आणि ३ चांगल्या मेलमध्ये आढळला, म्हणजे प्रमाण २० ला १ झाले. उद्गारचिन्हांसह ‘त्वरित’ ५० आणि ५ मेलमध्ये आढळला, म्हणजे १० ला १. आणि ‘गॅस्केट’ एकाच स्पॅममध्ये, पण १० चांगल्या मेलमध्ये आढळला, म्हणजे १ ला १०. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे येतो असे सोपे गृहीतक धरून या प्रमाणांचा गुणाकार केला, तर फल २० ला १ येते. म्हणजे मेल स्पॅम असण्याची संभाव्यता सुमारे ९५ टक्के होते.

आता त्याच उत्पादकाने ‘१५० एनबी पीटीएफई गॅस्केट, रांजणगावहून नमुना’ असे लिहिले, तर चित्र उलटते. एनबी हे पाइपच्या नाममात्र व्यासाचे माप असून खरेदी विभागात ते रोज वापरले जाते. ‘गॅस्केट’चे प्रमाण तेच, १ ला १०, ‘रांजणगाव’ एका स्पॅममध्ये आणि ५ चांगल्या मेलमध्ये आढळला असेल तर १ ला ५, ‘नमुना’ दोन्हीकडे सारखाच येत असेल तर १ ला १. गुणाकार १ ला ५० येतो आणि संभाव्यता २ टक्क्यांपर्यंत उतरते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ‘सूट’ किंवा ‘ऑफर’ यांसारखे शब्द टाळण्याच्या याद्या सर्वत्र सांगितल्या जात असल्या, तरी खरा फरक टाळलेल्या शब्दांपेक्षा वापरलेल्या शब्दांनी पडतो, आणि हे शब्द पाठवणाऱ्याच्या जाहिरातीतले नसून मेल घेणाऱ्याच्या रोजच्या कामातले असावे लागतात. आजच्या मोठ्या मेलसेवा यापेक्षा पुष्कळ अधिक संकेत विचारात घेतात आणि त्यांची सूत्रे जाहीर नसतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. कशाने पारडे कोणीकडे झुकते, एवढेच त्यांवरून समजते.

गाळणी ओलांडल्यावर माणूस उरतो, आणि तेथे कुतूहलाचा प्रश्न येतो. आपल्याला माहीत असलेले आणि माहीत करून घ्यावेसे वाटणारे यांतील अंतर जाणवले की कुतूहल जागे होते, असा सिद्धांत जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडला. भडक मथळे याच अंतरावर जगतात. ‘तुमच्या प्लांटमधील ही चूक पाहिली का?’ अशी विषयओळ ते अंतर हेतुपुरस्सर निर्माण करते. तथापि वेनर, डॅबिश आणि क्राउट या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की संदिग्ध विषयओळीमुळे लक्ष वेधले जात असले, तरी कामाचा ताण वाढताच हा परिणाम ओसरतो आणि मेलची उपयुक्तता मात्र लक्ष वेधतच राहते. खरेदी अधिकाऱ्याचा दिवस अशाच ताणाचा असतो. त्याच्यापुढे कोडे टाकण्यापेक्षा माप, वस्तू आणि ठिकाण सांगणे हेच अधिक परिणामकारक आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अधिक प्रामाणिक ठरते.

फसव्या विषयओळीचा खरा तोटा मेल उघडल्यानंतर होतो. चिडलेला वाचक ‘स्पॅम’चे बटण दाबतो आणि ती तक्रार त्या एका मेलपुरती न राहता डोमेनच्या खाती जमा होते. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार जीमेलवर पाठवलेल्या टपालाबाबतचे तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहणे आवश्यक आहे. मोठ्या कंपनीच्या लाखो मेलमध्ये ही मर्यादा सैल वाटेल; परंतु दिवसाला २०० मेल पाठवणाऱ्या लघुउद्योजकाच्या बाबतीत एकच तक्रार म्हणजे अर्धा टक्का होतो. डोमेनची पत अशी घसरली, की त्याच पत्त्यावरून जाणारी बिले आणि कोटेशनही जुन्या ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडू लागतात. आधीचा पत्रव्यवहार असल्याचे भासवण्यासाठी विषयओळीच्या आरंभी `Re:` लिहिण्याची युक्ती तर दुहेरी घातक आहे, कारण खऱ्या उत्तरासोबत मूळ मेलचा संदर्भ सांगणारी `In-Reply-To` ही अदृश्य नोंद सहसा जाते. ती नसल्याचे गाळणीला कळते, आणि आपण असा मेल कधी लिहिलाच नव्हता हे वाचकालाही कळते.

मराठी विषयओळीला आणखी एक तांत्रिक पदर आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मेलच्या शीर्षभागाची रचना मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी झाल्यामुळे, सर्वत्र चालणाऱ्या रूढ पद्धतीत देवनागरी विषयओळ सांकेतिक रूपात बांधून पाठवावी लागते. वर दिलेली ‘१५० एनबी पीटीएफई गॅस्केट, रांजणगावहून नमुना’ ही ओळ वाचताना आकड्यांसह २४ अक्षरांची दिसते. परंतु काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना संगणक स्वतंत्र चिन्हे मानतो, म्हणून स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून ती ४३ चिन्हांची होते. प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने तिची एकूण लांबी ११७ बाइट भरते. सांकेतिक तुकडा ७५ वर्णांपेक्षा लांब असू नये असा नियम असल्यामुळे एका तुकड्यात ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हे बसतात, आणि ही छोटीशी ओळसुद्धा तीन तुकड्यांत जाते:

```
Subject: =?UTF-8?B?...?=
 =?UTF-8?B?...?=
 =?UTF-8?B?...?=
```

काटेकोरपणे न लिहिलेले बल्क मेलचे सॉफ्टवेअर हा तुकडा कधी चिन्हाच्या मध्येच तोडते आणि मग वाचकाला अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो. कधी ते सांकेतिक रूप न देताच कच्चे बाइट पाठवते, आणि स्पॅमअसॅसिनमध्ये अशा ओळीसाठी स्वतंत्र दोषगुण आहेत. याची खातरजमा करणे सोपे आहे. मेल प्रथम स्वतःच्याच जीमेल खात्यावर पाठवून त्याचे मूळ रूप `Show original` या पर्यायाने उघडले, की `Subject:` पुढील तुकडे आणि `spf=pass`, `dkim=pass` या नोंदी एकाच ठिकाणी पाहता येतात. फोनच्या पडद्यावर लांब ओळीचा शेवट कापला जात असल्याने वस्तू आणि माप आधी, गाव नंतर, हा क्रमही त्याच वेळी पारखून घेता येतो.

विषयओळ यशस्वी झाली की नाही हे ठरवण्यासाठी पुष्कळ जण मेल उघडल्याचे प्रमाण पाहतात. हे प्रमाण मेलमध्ये दडवलेल्या एका सूक्ष्म चित्राच्या आधारे मोजतात; मेल उघडला, की ते चित्र सर्व्हरवरून मागवले जाते आणि तशी नोंद होते. परंतु ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयता सुविधेनंतर, ती सुरू असलेल्या मेल ॲपमध्ये अशी चित्रे वाचकाने मेल उघडला नसला तरीही आधीच उतरवून घेतली जातात, तर दुसरीकडे चित्रे बंद ठेवणाऱ्या कार्यालयांत मेल वाचूनही नोंद होत नाही. शिवाय हे दडलेले चित्र काही गाळण्यांच्या नजरेत स्वतःच संशयाचे कारण ठरते. त्यामुळे शिरूर–दौंड पट्ट्यातील उद्योजकाने पन्नास जणांना एक आणि पन्नास जणांना दुसरी विषयओळ पाठवून तुलना करावी, पण ती आलेल्या उत्तरांची करावी, आणि एवढ्या लहान संख्येत दोन-तीन उत्तरांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो हे जाणून निष्कर्ष काढण्यापूर्वी तीच चाचणी पुढील महिन्यात नव्या पत्त्यांवर पुन्हा करून पाहावी.