मागच्या भावांतून अस्थिरता मोजताना

ऑप्शनची किंमत काढणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये लाभांश बाजूला ठेवला तर पाच आकडे भरावे लागतात. शेअरचा आजचा भाव पडद्यावर दिसतो. स्ट्राइक किंमत करारातच ठरलेली असते. मुदत संपायला किती दिवस उरले ते कॅलेंडर सांगते आणि व्याजदर ट्रेझरी बिलांवरून घेता येतो. पाचवा रकाना असतो व्होलॅटिलिटीचा, म्हणजे अस्थिरतेचा. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सूत्राला आजपासून मुदत संपेपर्यंत शेअर किती हेलकावे खाईल हे हवे असते, आणि ते आज कोणालाच ठाऊक नसते. म्हणून मागचे भाव घेऊन अंदाज बांधावा लागतो.

हिशेब अवघड नाही. एका काल्पनिक शेअरचे लागोपाठ सहा दिवसांचे बंद भाव घेऊ: ५००, ५०६, ४९८, ५०३, ५११ आणि ५०५ रुपये. आधी प्रत्येक दिवसाचा परतावा काढायचा, पण तो साध्या टक्केवारीने नव्हे, तर आजच्या भावाला कालच्या भावाने भागून येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन. कारण सरळ आहे. ५०० चा शेअर ५५० वर जाऊन पुन्हा ५०० वर आला, तर टक्केवारीत तो १० टक्के वाढला आणि ९.०९ टक्के घसरला असे दिसते. बेरीज शून्य होत नाही. लॉगमध्ये मात्र दोन्ही बाजूंना ९.५३ टक्केच येतात.

आपल्या सहा भावांतून पाच परतावे मिळतात: १.१९, उणे १.५९, १.००, १.५८ आणि उणे १.१८ टक्के. त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचे पसरलेपण, १.४७ टक्के येते. ही झाली रोजची अस्थिरता. भाव B स्तंभात B2 पासून आणि परतावे C स्तंभात C3 पासून असतील, तर स्प्रेडशीटमध्ये एवढेच लिहावे लागते:

```
=LN(B3/B2)
=STDEV.S(C3:C7)*SQRT(250)
```

पहिले सूत्र C7 पर्यंत खाली ओढायचे. दुसऱ्या सूत्रातला शेवटचा गुणाकार रोजच्या आकड्याचा वार्षिक आकडा करतो. एका दिवसाच्या हालचालीचा दुसऱ्या दिवसाशी संबंध नाही असे धरले, तर विचलनाचे वर्ग दिवसागणिक बेरजेने वाढतात आणि विचलन स्वतः दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वर्षात व्यवहाराचे दिवस सुमारे २५०, त्याचे वर्गमूळ १५.८. म्हणून १.४७ गुणिले १५.८, म्हणजे सुमारे २३ टक्के. हाच आकडा पाचव्या रकान्यात जातो.

पण २५० च का? वर्षाचे दिवस तर ३६५ असतात. एनएसई रोज जी अस्थिरतेची फाइल प्रसिद्ध करते, तिच्यात वार्षिक आकडा ३६५ च्या वर्गमुळाने गुणून दिलेला असतो. आपल्या शेअरला तोच गुणक लावला तर २३ टक्क्यांचे २८ टक्के होतात, शेअर मात्र तोच. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांनी अमेरिकी शेअर्सचा अभ्यास करून १९८६ साली दाखवले, की बाजार बंद असतानाच्या तासांत भाव फारच कमी हलतात. त्यामुळे शनिवार-रविवार पूर्ण दिवस म्हणून मोजणे वस्तुस्थितीला धरून नाही. परतावे व्यवहाराच्या दिवसांचे असतील, तर गुणकही त्याच दिवसांचा घ्यावा. दुसऱ्याकडून तयार आकडा घेताना तो कोणत्या गुणकाने आला, हे आधी तपासावे.

दुसरी चूक याहून मोठी, पण ओळखायला सोपी. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी रिलायन्स इंडस्ट्रीजचा शेअर एकास एक बोनसनंतरच्या भावाने व्यवहारात आला. भाव आदल्या दिवसाच्या जवळपास निम्मा दिसला, तरी भागधारकाचे काही गेले नाही, कारण त्याचे शेअर दुप्पट झाले. भावांच्या यादीत जुने आकडे निम्मे केले नाहीत, तर त्या दिवसाचा लॉग परतावा उणे ६९ टक्क्यांच्या आसपास येतो. असा एकच खोटा दिवस वीस दिवसांच्या हिशेबात शिरला, तर २३ टक्के अस्थिरतेचा शेअर जवळपास २४५ टक्के दाखवतो. शेअरच्या विभाजनातही हेच घडते. म्हणून विचलन काढण्याआधी सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान परतावा डोळ्यांखालून घालावा आणि त्या दिवशी खरोखर काय घडले ते पाहावे.

खऱ्या धक्क्याचा प्रश्न याहून कठीण. ४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी निफ्टी ५.९ टक्के कोसळला. आदल्या दिवशी तो तीन टक्क्यांहून अधिक वाढला होता. पण एकट्या ४ जूनचा परिणाम पाहू. बाकीचे एकोणीस दिवस निर्देशांक रोज ०.८ टक्के इतकाच हलला असे धरले, तर वार्षिक अस्थिरता १३ टक्क्यांच्या जवळ असते. हा एक दिवस आला की ती २५ टक्के होते. एकविसाव्या दिवशी तो खिडकीतून बाहेर पडतो आणि बाजारात काहीही घडलेले नसताना आकडा एकदम निम्म्यावर येतो. यावर जे. पी. मॉर्गनने १९९४ साली रिस्कमेट्रिक्स पद्धतीतून खुला केलेला उपाय आजही वापरात आहे. त्यात रोजची नवी अस्थिरता काढताना विचलनाच्या वर्गात कालच्या अंदाजाला ९४ टक्के आणि ताज्या परताव्याच्या वर्गाला ६ टक्के वजन देतात. मोठा धक्का मग एका दिवसात नाहीसा होत नाही, हळूहळू विरतो.

मग किती दिवसांचे भाव घ्यावेत? इथे दोन्ही बाजूंनी ओढ असते. थोडे दिवस घेतले तर अंदाज ताजा पण डळमळीत, पुष्कळ घेतले तर स्थिर पण शिळा. परतावे घंटाकृती वितरणाचे मानले, तर प्रमाण त्रुटी सांगता येते: अस्थिरतेला दिवसांच्या दुपटीच्या वर्गमुळाने भागायचे. २३ टक्क्यांच्या अंदाजात वीस दिवसांवर ही त्रुटी सुमारे ३.६ टक्के बिंदू, साठ दिवसांवर २.१ आणि वर्षभराच्या भावांवर एक बिंदू असते. प्रत्यक्षात मोठे धक्के त्या वितरणापेक्षा जास्त वेळा बसतात, त्यामुळे खरी त्रुटी याहून मोठीच धरावी. महिन्याभराच्या ऑप्शनसाठी निदान साठ दिवसांचे भाव घेणे आणि शेजारी वर्षभराचा आकडाही काढून ठेवणे शहाणपणाचे.

या त्रुटीचे रुपयांत काय होते? ५०५ रुपयांच्या शेअरवर ५०५ स्ट्राइकचा, तीस दिवसांचा कॉल घेऊ. व्याज बाजूला ठेवले, तर १९.४ टक्के अस्थिरतेला त्याची किंमत सुमारे ११.२ रुपये येते आणि २६.६ टक्क्यांना १५.४ रुपये. वीस दिवसांच्या अंदाजाची एका त्रुटीएवढी कड इतकी रुंद असते. त्यामुळे पाचव्या रकान्यात एकच आकडा भरून थांबू नये. खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही टोकांना किंमत काढावी. बाजारातला प्रीमियम त्या दोहोंच्या मध्ये पडत असेल, तर ऑप्शन स्वस्त आहे की महाग, हे मागच्या भावांवरून ठरत नाही आणि केवळ त्या आधारावर सौदा करू नये.