०.५८३३३… चे नेमके उत्तर

नववीच्या गणितात ‘वास्तव संख्या’ या प्रकरणात एक प्रश्न हमखास असतो: दिलेला आवर्ती दशांश अपूर्णांक अंश-छेदाच्या रूपात लिहा. विद्यार्थ्याला तो एकदा सोडवायचा असतो. उत्तरसूची करणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी आहे, कारण त्याचे एक चुकीचे उत्तर वर्गातल्या प्रत्येक बरोबर वहीवर फुली मारू शकते. म्हणून अशी यादी सोडवावी कशी आणि आपलीच उत्तरे तपासावी कशी, हे एकदा नीट पाहू.

यादी पाच संख्यांची धरू: ०.२७२७२७…, ०.०३७०३७०३७…, ०.५८३३३…, २.१३६३६३६… आणि ०.४९९९….

उत्तराला हात घालण्याआधी प्रश्नच पाहून घ्यावा. ‘०.३७३…’ एवढेच छापले असेल तर पुढे काय येते, ते कळायला मार्ग नाही. ३७ ही जोडी फिरून येत असेल, तर उत्तर ३७/९९ येते. शेवटचा ३ एकटाच पुन्हा येत असेल, तर २८/७५ येते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, चूक प्रश्नाची आहे. म्हणून आवर्तनात येणाऱ्या अंकांच्या डोक्यावर रेघ द्यावी, नाहीतर आवर्तन निदान दोन-तीनदा पूर्ण लिहावे.

आता रीत. न संपणारी शेपटी वजाबाकीने उडवायची, एवढेच तिचे मर्म आहे. ०.२७२७… ला क्ष म्हणू. आवर्तन दोन अंकांचे आहे, म्हणून १०० ने गुणू. १००क्ष म्हणजे २७.२७२७…. दशांशचिन्हानंतरचा भाग दोन्हींत अगदी सारखा आहे, त्यामुळे वजा केल्यावर तो पूर्ण नाहीसा होतो आणि ९९क्ष = २७ उरते. क्ष = २७/९९, संक्षेप केल्यावर ३/११. शंभरातून एक गेला म्हणून छेदात ९९ आला. आवर्तनात जितके अंक, तितके नऊ छेदात येतात, ते याच वजाबाकीमुळे.

दुसऱ्या संख्येत पुष्कळजण फसतात. ०.०३७०३७… मधला शून्य बिनकामाचा वाटतो आणि घाईत ३७/९९ लिहिले जाते. पण ते तर ०.३७३७… झाले, दिलेल्या संख्येच्या जवळजवळ दहापट. इथे ०३७ असे तीन अंक फिरून येतात, म्हणून छेद ९९९. ३७/९९९ ला ३७ ने भागले की उत्तर १/२७.

तिसरी संख्या या यादीचा गाभा आहे. ०.५८३३३… मध्ये ५ आणि ८ एकदाच येतात, पुढे फक्त ३ चालू राहतो. आता एका गुणाकाराने भागत नाही. आधी दशांशचिन्ह आवर्तनाच्या तोंडाशी आणायचे: १००क्ष = ५८.३३३…. मग ते एक आवर्तन ओलांडून पुढे न्यायचे: १०००क्ष = ५८३.३३३…. दोन्ही शेपट्या आता सारख्या झाल्या. वजाबाकी केली की ९००क्ष = ५२५. अंश-छेदांचा मसावि ७५ आहे, त्याने भागून ७/१२. छेदातल्या ९०० चा उलगडाही यातच होतो. आवर्ती अंक एक, म्हणून एक नऊ. अनावर्ती अंक दोन, म्हणून त्यापुढे दोन शून्ये.

चौथ्या संख्येत हेच पूर्णांकासह करायचे. १०क्ष = २१.३६३६…, १०००क्ष = २१३६.३६३६…. फरक ९९०क्ष = २११५. अंश आणि छेद दोघांनाही ४५ ने भाग जातो, म्हणून उत्तर ४७/२२. कुणी ते ‘२ पूर्णांक ३/२२’ असे लिहील. तेही बरोबरच असल्याने उत्तरसूचीत दोन्ही रूपे द्यावीत.

उत्तरे तयार झाली, आता तपासणी. सरळ उपाय म्हणजे अंशाला छेदाने भागणे. साध्या कॅल्क्युलेटरवर ७ ÷ १२ केले, तर ठरावीक अंकांनंतर पडदा संपतो. आवर्तन पुढे तसेच चालते की नाही, याची खात्री तो देत नाही. कागदावरचा भागाकार देतो. त्यात आधीचीच बाकी पुन्हा आली की तिथून पुढचे अंकही पुन्हा तेच येणार, हे सिद्धच झाले.

याहून झटपट कसोटी छेदातच दडलेली आहे. अतिसंक्षिप्त रूपातल्या छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यातले २ आणि ५ अनावर्ती अंकांची संख्या ठरवतात: २ किती वेळा आला आणि ५ किती वेळा आला, यांतली मोठी संख्या घ्यायची. १२ म्हणजे २ × २ × ३. त्यात २ दोनदा आहे, म्हणून अनावर्ती अंक दोन हवेत, आणि ५८ हे दोन आहेतच. २२ म्हणजे २ × ११, तिथे एकच अनावर्ती अंक हवा. तोही जुळतो. २ आणि ५ वगळून छेदाचा जो भाग उरतो, तो आवर्तनाची लांबी सांगतो. ९, ९९, ९९९ या क्रमाने पाहत जायचे आणि त्याने ज्याला प्रथम पूर्ण भाग जातो, त्यात जितके नऊ, तितके अंक आवर्तनात. २७ ने ९ ला किंवा ९९ ला पूर्ण भाग जात नाही, ९९९ ला जातो. म्हणून १/२७ चे आवर्तन तीन अंकी.

ही कसोटी फक्त छेद पारखते. अंश चुकला, तर ती बहुधा गप्प राहते. ५/१२ लिहिले तरी ती पास करील, म्हणून भागाकार टाळता येत नाही.

पाचव्या संख्येला मात्र ही कसोटी अडखळते. १०क्ष = ४.९९९…, १००क्ष = ४९.९९९…, फरक ९०क्ष = ४५, म्हणजे क्ष = १/२. छेदात नुसता २ आहे, त्यामुळे दशांश रूप खंडित असायला हवे. भागाकारही ०.५ दाखवतो, ०.४९९९… नाही. तरीही उत्तर बरोबर आहे. ०.४९९९… आणि ०.५ या एकाच संख्येच्या दोन लेखनपद्धती आहेत, त्यांच्यात तीळभरही अंतर नाही. शेवटी अखंड नऊ असलेला प्रश्न यादीत घ्यायचाच असेल, तर उत्तराशेजारी हे एक वाक्य लिहावे, नाहीतर तपासणारा स्वतःच गोंधळेल.

उत्तरसूचीत अंतिम उत्तराबरोबर संक्षेपाआधीचा अपूर्णांकही द्यावा, असा माझा आग्रह आहे. ७/१२ शेजारी ५२५/९०० छापले असेल, तर वही पाहताच चूक कुठे झाली ते कळते. वहीत ५२५/९०० असेल, तर रीत पूर्ण समजली आहे, फक्त संक्षेप राहिला. ५८३/९०० असेल, तर ५८ वजा करायचे राहून गेले. ५८३/९९९ असेल, तर विद्यार्थ्याने तिन्ही अंक आवर्ती धरले. या तीन विद्यार्थ्यांना तीन वेगळ्या गोष्टी समजावायच्या आहेत. नुसते ७/१२ छापले, तर शेवटच्या दोघांना सारखीच फुली मिळेल आणि आपले नेमके काय चुकले, ते दोघांनाही कळणार नाही.