बॉर्डरवरची साखर, ताटातल्या पोळ्या

चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली ५३१ माणसे निवडली. बहुतेक जण नोकरदार होते आणि सरासरी वय ४६च्या आसपास होते. त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला मिळाला. दुसऱ्याला जेवण आणि चालणे यांबद्दल वारंवार, नीट बसून मार्गदर्शन केले. तिसऱ्याला मेटफॉर्मिनची कमी मात्रा दिली आणि चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. उरलेल्या तिन्ही गटांत हा आकडा ३९ ते ४० होता. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन गोष्टींनी लक्ष वेधले. जेवण-चालण्यात औषधाची भर घालून वेगळा फायदा झाला नव्हता. आणि मार्गदर्शन घेतलेल्या गटाचे वजन फारसे घटलेच नव्हते, तरीही धोका जवळपास २८ टक्क्यांनी कमी झाला होता.

एकीकडे हा निष्कर्ष दिलासा देतो, दुसरीकडे भानावरही आणतो. सगळे व्यवस्थित करूनही शंभरातल्या ३९ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. भारतीय शरीर या आजाराकडे फार वेगाने सरकते. म्हणूनच ‘शुगर बॉर्डरवर आहे, थोडं गोड कमी करा’ एवढ्यावर दवाखान्यातले बोलणे संपणे परवडणारे नाही.

बॉर्डर म्हणजे नेमके काय? अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटीची साखर १०० ते १२५, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची साखर १४० ते १९९, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के. यांपैकी एक जरी आकडा या पट्ट्यात आला, तरी ती मधुमेहपूर्व अवस्था मानतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात, की भारतातल्या १५.३ टक्के प्रौढांना ती आहे, म्हणजे सुमारे साडेतेरा कोटी माणसांना. तिला बहुधा लक्षणे नसतात. काहींच्या मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसते. बाकीच्यांना ती तपासणीतच सापडते.

आत काय चाललेले असते? जेवणातल्या पिष्टाची साखर रक्तात येते आणि स्वादुपिंडातले इन्शुलिन ती स्नायूंकडे व यकृताकडे पोचवते. पोटात आणि यकृतात चरबी साठली की या अवयवांवर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून वेळ निभावून नेते. ही ओढाताण वर्षानुवर्षे चालते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू हरत जातात. साखर बॉर्डर ओलांडते तोवर त्यांचा बराचसा दम गेलेला असतो. उपाय लवकर सुरू करण्याचे कारण हेच.

‘मी तर सडपातळ आहे’ हा युक्तिवाद मराठी माणसाच्या तोंडी नेहमी असतो. त्याला पुण्यातूनच उत्तर मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोट मात्र सुटलेले, अशी ठेवण आपल्याकडे सर्रास दिसते. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा फीताही महत्त्वाचा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर वजन ‘नॉर्मल’ असूनही साखरेकडे लक्ष द्यायला हवे.

आता ताटाकडे वळू. ‘इंडियाब’च्या आहारविषयक विश्लेषणाने दाखवले, की भारतीयांच्या एकूण उष्मांकातला साठ टक्क्यांहून अधिक वाटा पिष्टमय पदार्थांचा असतो आणि प्रथिने फार कमी पडतात. मधुमेहपूर्व अवस्थेतल्या माणसाने पिष्टाचा वाटा ५० ते ५६ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा १८ ते २० टक्क्यांपर्यंत न्यावा, असे त्या संशोधकांचे गणित आहे. याचा अर्थ पोळीभात बंद करणे असा नाही. ताटात त्यांची जागा थोडी आखडायची आणि ती डाळ, कडधान्ये, दही-ताक, अंडी, मासे यांना द्यायची.

एक उदाहरण घेऊ. समजा एक गृहस्थ आहेत, वय ४६, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७६ किलो, कंबर ९६. दिवसभर खुर्चीत बसून काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी वाटीभर फरसाण. रात्री तीन पोळ्या, दोन वाट्या भात आणि पातळ वरण. यात ‘गोड’ असे काहीच नाही, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. खरे तर चहातूनच सुमारे चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. डब्यात पोळी आणि बटाटा दोन्ही पिष्टच. रात्री पोळीबरोबर भात आला की पुन्हा तेच, आणि वरण पातळ असल्याने प्रथिने नावापुरती.

आता बदल पाहू. चहात दोनऐवजी अर्धा चमचा साखर. डब्यात चारऐवजी दोन पोळ्या, बटाट्याच्या जागी मोड आलेल्या मटकीची वाटीभर घट्ट उसळ, सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि ताक. फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे. रात्री दोन पोळ्या, एकच वाटी भात, दाट वरण आणि पालेभाजी. यातून दिवसाला साधारण साडेतीनशे ते चारशे उष्मांक वाचतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुपारच्या जेवणातले पिष्ट बरेच खाली येते आणि पोट मात्र भरलेलेच राहते. पोळ्या कमी केल्या पण उसळ वाढवली नाही, की दुपारी चारला भूक लागते आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. बहुतेकांचा बेत तिथेच मोडतो.

जेवण्याचा क्रमही उपयोगी पडतो. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, शेवटी भात, असे खाल्ले तर जेवणानंतर साखर कमी उसळते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चाललात तर स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात. रात्रीच्या जेवणानंतर हे खास लागू पडते.

काही समजुती मात्र महागात पडतात. गूळ आणि मध रक्तात साखरच वाढवतात. ज्वारीची भाकरी मैद्यापेक्षा चांगली हे खरे, पण एका मोठ्या भाकरीत जवळपास दोन पोळ्यांइतके पिष्ट असते, त्यामुळे दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या खाऊन साखर घटत नाही. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. उपवासाला खिचडी, वर बटाट्याचे काप आणि केळे, असा बेत असेल तर त्या दिवशी साखर इतर दिवसांपेक्षाही चढू शकते.

वजन किती घटवायचे? आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांसाठी पाच टक्के म्हणजे ३.८ किलो आणि सात टक्के म्हणजे ५.३ किलो. हे सहा महिन्यांत साधण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढेच लक्ष्य ठेवले होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटातला मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. घटलेल्या प्रत्येक किलोमागे धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी झाल्याचे पुढच्या विश्लेषणात दिसले. फिनलंडमधल्या अभ्यासाचा निकालही ५८ टक्केच आला, आणि तिथे पहिल्या वर्षी वजन सरासरी फक्त चार किलोंनी उतरले होते. मात्र त्या देशांतली माणसे आपल्यापेक्षा बरीच स्थूल होती. आपल्याकडे वजन आधीच बेताचे असेल, तर कंबर कमी करणे, ताट बदलणे आणि स्नायू राखणे यांवर भर द्यावा. सडपातळ माणसाने उपाशी राहून वजन पाडले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि साखर रिचवायची जागाच कमी होते.

हे प्रयत्न मधुमेह कायमचा टाळतात का? चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. सहा वर्षे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन घेतलेल्यांची तब्बल तीस वर्षे नोंद ठेवली. त्यांपैकीही बहुतेकांना शेवटी मधुमेह झाला, पण सरासरी जवळजवळ चार वर्षे उशिरा. त्या काळात त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात इतरांपेक्षा चतुर्थांशाने कमी आढळले, आणि आयुष्यही थोडे वाढले.

मर्यादा आणखीही आहेत. चेन्नईतल्या दुसऱ्या एका अभ्यासात आहार, व्यायाम आणि गरजेप्रमाणे मेटफॉर्मिन देऊन मधुमेहाचा धोका ३२ टक्क्यांनी घटला. पण ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली होती, त्यांना फायदा जेमतेम १२ टक्के झाला. जेवणानंतरची साखर वाढलेल्यांना तो कितीतरी जास्त मिळाला. म्हणून आपली कोणती साखर वाढली आहे हे कळायलाच हवे, आणि त्यासाठी केवळ उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. एचबीएवनसीलाही एक अडचण आहे. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्ताल्पता फार आहे, त्यामुळे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय त्या एका आकड्यावर निकाल देऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

ज्यांचा अहवाल बॉर्डरवर आला आहे, त्यांनी या आठवड्यात कंबर मोजावी. ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची तपासणी एकदा करून घ्यावी. मग ताटातल्या पोळ्या दोनने कमी करून उसळीची एक वाटी वाढवावी, आणि सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. आकडा खाली आला तरी वर्षातून एकदा तपासणे थांबवू नये आणि जुन्या ताटाकडे परतू नये.