एका पानावर निर्णय

संचालकांच्या टेबलावर टिपणी जाते तेव्हा त्यांच्या हाताशी दोन बैठकांच्या मधली जेमतेम पाच मिनिटं असतात. तेवढ्यात त्यांना कळायला हवं ते एवढंच, की सही कशावर करायची आणि का. म्हणून निर्णयाची टिपणी एका पानात बसवावी आणि मागणी पहिल्याच ओळीत मांडावी.

समजा, एका सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रातला जुना कॉम्प्रेसर वर्षभरात दोनदा बंद पडला. केंद्रावर रोज १०,००० लिटर दूध येतं. नेहमीची टिपणी केंद्राच्या स्थापनेपासून सुरू होते आणि मागणी शेवटच्या पानावर उरते. त्याऐवजी पहिली ओळ अशी असावी : ‘१४ लाखांचा नवा कॉम्प्रेसर घेण्यास १५ फेब्रुवारीपर्यंत मान्यता मिळावी, यंत्र यायला सहा आठवडे लागतात आणि एप्रिलपासून उन्हाचा ताण वाढतो.’ रक्कम, मुदत आणि मुदतीचं कारण, सगळं इथेच आलं.

मग पर्याय. दुरुस्ती केली तर खर्च ३ लाख, काम चार दिवसांत, पण हमी फक्त सहा महिन्यांची. नव्या यंत्राला १४ लाख लागतील, पण हमी तीन वर्षांची. तिसरा पर्याय उन्हाळ्याचे ९० दिवस दूध टँकरने थेट मुख्य डेअरीत नेण्याचा : रोजचे १२,००० रुपये धरले तर १० लाख ८० हजार, शिवाय वाटेत दूध नासण्याची भीती. तिन्ही पर्याय एकाच मापाने मोजावेत : खर्च, वेळ, धोका.

इथेच टिपण्या फसतात. आपल्या आवडीच्या पर्यायाचे फक्त फायदे आणि बाकीच्यांचे फक्त तोटे लिहिले, की अनुभवी संचालकांना ते लगेच जाणवतं. दुरुस्ती आजच्या घडीला सर्वात स्वस्त आहे, हे स्पष्ट लिहावं. मग ती का नको, ते सांगावं. चाळीस रुपये लिटरच्या भावाने एका दिवसाचं दूध नासलं तरी ४ लाखांचं नुकसान होतं, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त. शिफारशीचं खरं कारण हे.

शिफारस कशाने बदलेल, तेही एका ओळीत लिहावं : ‘हे केंद्र दोन वर्षांत बंद करायचं असेल, तर दुरुस्तीच योग्य.’ असा बेत संचालकांनाच ठाऊक असू शकतो. टिपणी लिहिणाऱ्याला नाही.

कोटेशनं आणि बिघाडाच्या नोंदी सोबत जोडाव्यात. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ९ ऑगस्ट १९४० रोजी, ऐन युद्धात, आपल्या अधिकाऱ्यांना हेच बजावलं होतं : अहवाल थोडक्यात लिहा, सविस्तर आकडेवारी परिशिष्टात द्या.

समोर बसून टिपणी देताना ती वाचून दाखवू नये. साहेबांना किंवा मॅडमना ती आधी वाचू द्यावी, मग विचारतील तेवढंच सांगावं. पानाच्या तळाशी तिन्ही पर्यायांपुढे खूण करायला चौकट, शेरा आणि सहीसाठी जागा ठेवावी. शिफारस नाकारली गेली, तरी कोणता पर्याय ठरला हे त्याच कागदावर राहतं आणि काम त्याच दिवशी सुरू करता येतं.