पार्सलमागे पॅकिंगचा खर्च किती?

कुर्ता, साडी अशा न फुटणाऱ्या मालाला प्लास्टिकची कुरिअर बॅग पुरते. चिनी मातीच्या मगला मात्र खोकाच हवा. मगला बबल रॅपचे दोन-तीन वेढे द्या आणि बंद खोका हलवून पाहा; आतून आवाज आला, तर भर कमी आहे.

खोका मापाचाच घ्या. अनेक कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि हे वजन प्रत्यक्षापेक्षा जास्त भरले, तर त्यावर आकार लावतात. १६×१२×१२ चा खोका ४६१ ग्रॅम भरतो. २०×२०×१५ चा थेट १.२ किलो.

आता हिशेब. समजा, खोका १२ रुपये, बबल रॅप ३, टेप-लेबल २, झाले १७. शंभरात २०० रुपयांचे दोन मग फुटत असतील, तर आणखी ४. हे २१ रुपये विक्रीच्या किमतीत धराच.